एकास वीसची वाट

सापगावच्या बुधाजीच्या संघरत्नाला त्र्याण्णव साली सरकारी नोकरी लागली, अनुरेखक म्हणून. अनुरेखक म्हणजे नेमकं काय करतो हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तिची आई चिमाबाई विचारणाऱ्याला सांगायची, "साहेब लोकं रस्ते करतात ना, त्यांची चित्रं आमची पोरगी काढते." संघरत्नानं ते कधी दुरुस्त केलं नाही. आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स करताना सगळ्या वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि परीक्षेत तिचा पहिला नंबर आला होता. आपलं काम आपल्याला येतं, एवढी तिची खात्री होती. तेवढी तिला पुरत होती.

बुधाजी भातसा धरणाच्या बांधकामावर मजूर होता. तरुणपणाची सगळी वर्षं त्यानं तिथं घमेली वाहिली, आणि धरण पुरं झाल्यावर तिथंच पहारेकरी म्हणून चिकटला. संघरत्नाचं लग्नही भातसानगरच्या मुकेशशी झालं. तो धरणावर पाण्याची पातळी नोंदवायचा. शहाण्णव साली श्वेता झाली आणि त्याच वर्षी संघरत्नाची बदली मुरबाडच्या एका उपविभागात झाली. श्वेताला चिमाबाईकडे सोडायचं, किन्हवलीमार्गे जाणारी एस.टी. पकडायची आणि साडेदहाला टेबलाशी हजर व्हायचं, हा तिचा रोजचा क्रम झाला.

तिचं टेबल खिडकीपाशी होतं. मागं लोखंडी कपाट, त्यात कुलपाखाली टोपोशीटं. हे नकाशे बाहेर कुणाला द्यायचे नाहीत असा नियम होता आणि किल्ली संघरत्नाकडे होती. बाकीच्या कारकुनांना त्या कागदांवर तपकिरी केसांचा गुंताच दिसायचा. संघरत्नाला त्यात डोंगर दिसायचे. एकेक तपकिरी रेघ म्हणजे समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवरच्या जागांना जोडणारी रेघ. एका रेघेवरून दुसरीवर गेलं की वीस मीटर चढलो किंवा उतरलो. दर पाचवी रेघ जाड, शंभर मीटरची. रेघा लांब लांब असतील तर जमीन अलगद चढते, एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथं धाप लागते. ती कधीकधी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता असं एखादं शीट उघडून बसायची आणि न पाहिलेल्या डोंगरावर मनानं चढून यायची.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात उपअभियंता कोठावदे साहेबांनी तिला बोलावलं. साहेब खानदेशातले, स्वभावानं सरळ, पण कामाचा ढीग आणि हाताखाली माणसं कमी, म्हणून कायम घाईत. त्यांच्यासमोर एक टोपोशीट पसरलं होतं आणि त्यावर त्यांनी पेन्सिलीनं एक सरळ लाल रेघ ओढली होती.

"टेपवाडीचा रस्ता," ते म्हणाले. "खाली मोहवली, वर टेपवाडी. रोजगार हमीत घ्यायचाय. सर्व्हेला आत्ता माणूस नाही. तुम्ही शीटवरूनच याचा उभा छेद काढा, म्हणजे मला अंदाजपत्रक पुढं पाठवता येईल. अकराशे मीटर लांबी आहे, मी मोजलीय."

टेपवाडी म्हणजे डोंगराच्या सोंडेवर वसलेली चाळीस-पंचेचाळीस घरांची वाडी. भात खाली, नाचणी-वरी वर. रस्ता नव्हता, पायवाट होती. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावं लागायचं. हे संघरत्नाला अर्जावरून कळलं होतं. अर्जावर पंचवीस अंगठे होते.

ती टेबलाशी परतली. तिनं कागदाची एक सरळ पट्टी कापली आणि साहेबांच्या लाल रेघेला लावून धरली. मोहवली पट्टीच्या एका टोकाला, टेपवाडी दुसऱ्या टोकाला. मग जिथं जिथं तपकिरी रेघ पट्टीच्या कडेला छेदत होती तिथं तिथं बारीक टिंब केलं आणि टिंबाखाली उंची लिहिली. एकशेवीस. एकशेचाळीस. एकशेसाठ. एकशेऐंशी. पुढची चार टिंबं इतकी जवळ आली की पेन्सिलीला पुन्हा टोक करावं लागलं. मग दोनशेसाठनंतर रेघा परत सैल झाल्या आणि तीनशेच्या जाड रेघेवर टेपवाडी आली.

नकाशावर सगळी लांबी दोन सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. एवढ्याशा जागेत छेद, म्हणजे डोंगर बाजूनं कापल्यावर दिसेल ती रेघ, काढून कुणाला काही दिसणार नाही, म्हणून तिनं आलेख कागदावर आडवं माप पाचपट मोठं घेतलं, एका सेंटिमीटरला शंभर मीटर. उभं माप एका सेंटिमीटरला वीस मीटर. पट्टीवरचं प्रत्येक टिंब योग्य अंतरावर उतरवलं, त्याच्या उंचीइतकं वर नेलं, आणि सगळे बिंदू हातानं एका सलग रेघेत जोडले. सुरुवातीला चढ, शेवटी चढ, आणि मध्ये उभी भिंत.

तिनं त्या मधल्या भागाचं अंतर पुन्हा मोजलं. एकशेऐंशीपासून दोनशेसाठपर्यंत चार टप्पे, म्हणजे ऐंशी मीटर चढ. नकाशावर चार मिलिमीटर, म्हणजे दोनशे मीटर अंतर. दोनशेला ऐंशीनं भागलं की अडीच. एकास अडीच. अडीच मीटर पुढं जावं तर एक मीटर वर चढायचं. गाडीच्या रस्त्याला डोंगरात एकास वीस धरतात. फारच अडलं तर एकास पंधरा.

संघरत्नानं छेद साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी चष्मा वर केला. "हे काय? हा तर कडा आहे. मी गेलोय त्या वाटेनं, असा कडा नाही तिथं."

"नाही साहेब, कडा नाहीये. उभं माप मी आडव्याच्या पाचपट घेतलंय, म्हणून चढ तेवढा ताणून दिसतो."

"मग खरा कसा दिसेल ते काढा ना."

ती तशीच परत आली आणि खाली दुसरा छेद काढला, उभं आणि आडवं माप एकच. अकरा सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दोन सेंटिमीटर उंच. तीच टिंबं, तीच उंची. पण आता तो झोपलेल्या म्हशीच्या पाठीसारखा दिसत होता.

साहेबांचा चेहरा खुलला. "हां. हे बरोबर. ह्यात काय आहे? करून टाकू. वरचं खोडा, खालचं ठेवा."

संघरत्ना जागची हलली नाही. "साहेब, चित्र कुठलंही ठेवा. आकडा बदलत नाही. मधले दोनशे मीटर एकास अडीच आहेत. बावीस अंश. तिथं बैलगाडी चढणार नाही, रुग्णवाहिका तर सोडाच."

"मी सरासरी काढलीय. अकराशे मीटरला एकशेऐंशी. एकास सहा. जास्त आहे, कबूल. थोडं खोदून, थोडा भराव टाकून बसवू."

"सरासरी एकास सहा आहे. पण गाडी सरासरीवरून नाय चढत." बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून घरचा 'नाय' निघून गेला. "आणि एकास सहासुद्धा वीसच्या तिपटीहून वाईट आहे. भरावानं आपण खड्डा बुजवू, खोदून उंचवटा काढू. ऐंशी मीटर उंचीचा डोंगर कुठं नेणार?"

साहेबांनी छेदावरचे आकडे पुन्हा पाहिले. त्यांना राग आला नव्हता, पण अकराशे मीटरचा आकडा त्यांनी वर कळवून ठेवला होता. "मग तुमच्या मते काय करायचं?" त्यांनी विचारलं. आणि ते विचारताना पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

ती कर्कटक घेऊन बसली. एकास वीसनं वीस मीटर चढायचे तर चारशे मीटर चालायला हवं. चारशे मीटर म्हणजे या नकाशावर आठ मिलिमीटर. तिनं कर्कटकाची टोकं मोजून आठ मिलिमीटरवर ठेवली आणि स्क्रू घट्ट केला. एक टोक मोहवलीच्या एकशेवीसच्या रेघेवर रोवलं आणि दुसरं टोक एकशेचाळीसच्या रेघेला कुठं टेकतं ते पाहिलं. ते समोर टेकलं नाही, बाजूला पूर्वेकडे टेकलं. तिथून पुढचं पाऊल. असं एका रेघेवरून दुसरीवर, सोंडेच्या पूर्व अंगानं, कर्कटक तिरपं तिरपं चालत गेलं. दोनशेवीसच्या रेघेशी तिला एक रुंद जागा दिसली. तिथं रेघा एकमेकींपासून लांब सरकल्या होत्या. म्हणजे सपाटी. गाडीला वळायला जागा. तिथं तिनं दिशा बदलली आणि चार पावलांत पश्चिमेकडे परत येत टेपवाडी गाठली.

नऊ पावलं. तीन हजार सहाशे मीटर.

"साडेतीन किलोमीटर?" साहेब म्हणाले. "अकराशेचे साडेतीन किलोमीटर? वाडीवाले मला वर येऊ देणार नाहीत."

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं बुधाजीला विचारलं. श्वेता त्याच्या मांडीवर होती.

"बाबा, धरणावर माल वर न्यायला उतरण बांधायचे, ती सरळ होती का वळसा घालून?"

"पयली सरळ होती," बुधाजी म्हणाला. "दोन बाया पडल्या. एकीचं कंबरडं गेलं. मग मुकादमानं लांबून घेतली. आमी शिव्या घातल्या त्याला, चालणं वाढलं म्हणून. पण आठ दिवसांनी बगितलं तर दिवसाच्या खेपा वाढल्या होत्या. सरळ चढणीत माणूस दर खेपेला बसतो गो. लांब चढणीत बसत नाय."

संघरत्नानं ते ऐकून घेतलं. तिला आधाराची गरज होती असं नाही, पण बरं वाटलं.

जानेवारीत साहेब, संघरत्ना आणि कमळू मिस्त्री असे तिघे टेपवाडीला गेले. कमळू जुना माणूस, डोंगरातल्या रस्त्यांची आखणी करण्यात केस पांढरे झालेले. ते पायवाटेनंच चढले. मधल्या दोनशे मीटरवर साहेब तीनदा थांबले आणि दोनदा त्यांनी हात टेकले. वर पोचल्यावर ते तिला एवढंच म्हणाले, "एकास अडीच. बरोबर आहे तुमचं."

देवजीच्या अंगणात माणसं जमली. देवजी वाडीतला जाणता, साठीचा, बोलायला तिखट. त्याची बायको गुणाबाई काळा चहा घेऊन आली. संघरत्नानं टोपोशीटवरून मोठं करून काढलेली नक्कल अंगणात पसरली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

लांबी ऐकल्यावर अपेक्षेप्रमाणेच झालं.

"आमाला रस्ता हवा, डोंगराला प्रदक्षिणा नको," एक जण म्हणाला.

"बाजारला जाऊन येईस्तो दिवस मावळंल," गुणाबाई म्हणाली. "आमी पाव तासात उतरतो, मॅडम."

"तुम्ही उतरा की, मावशी," संघरत्ना म्हणाली. "पायवाट कुणी काढून घेत नाही. चालायला ती तुमचीच. हा रस्ता चाकासाठी आहे." मग तिनं गुणाबाईलाच विचारलं, "तुमच्या म्हशी खालच्या ओढ्यावर नेता ना? ह्याच वाटेनं नेता?"

"छे. म्हशी ह्या वाटेनं कशा उतरतील? पाय मोडंल त्यांचा. त्या तिकडून, उगवतीच्या अंगानं फिरून जातात."

देवजी इतका वेळ नकाशाकडे बघत होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण सोंड, ओढा, मोहवलीची भातशेती कुठं असावी हे त्यानं बोटानं बरोबर हेरलं होतं. त्यानं संघरत्नाच्या निळ्या रेघेवर बोट फिरवत आणलं आणि एका जागी थांबवलं.

"हितं तुमचा रस्ता डोकं आपटणार."

"का?"

"हितं कातळ हाय. दोन माणसं नाय, सात-आठ माणसं एकावर एक उभी केली तर वरचा हात पोचंल, एवढा उभा. ह्या कागदावर कुठं हाय तो?"

संघरत्ना वाकून बघू लागली. दोनशेची जाड रेघ आणि तिच्यावरची दोनशेवीसची बारीक रेघ तिथं शांतपणे एकमेकींशेजारून गेल्या होत्या. कातळाची कसलीही खूण नव्हती.

"कागदावर नाही," ती म्हणाली.

अंगणात कुणीतरी हसलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे नकाशाच चुकीचा?"

"चुकीचा नाही साहेब." तिनं आवाज चढवला नाही. "ही रेघ दोनशेची, ही दोनशेवीसची. या दोन्ही जागा त्यानं बरोबर दाखवल्यात. मधल्या वीस मीटरमध्ये जमीन सरळ चढते की आधी सपाट आणि मग कातळ, ते त्याला सांगताच येत नाही. वीस मीटरपेक्षा लहान गोष्ट दोन रेघांच्या मधे लपून राहू शकते. ते मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं. देवजीकाका, तो कातळ मला दाखवाल?"

देवजीला ती वाद घालील असं वाटलं होतं. त्यानं नकाशावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "उद्या खालून या. मी मोहवलीत उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी कमळूनं घाट ट्रेसर आणला. साधंच हत्यार. काठीला टांगलेली एक नळी आणि तिच्याखाली सरकवायचं वजन. वजन एकास वीसच्या खुणेवर ठेवलं की नळी तेवढ्याच चढानं तिरपी राहते. समोर वीस मीटरवर दुसरा माणूस तेवढ्याच उंचीची फळी घेऊन उभा राहतो. नळीतून बघणारा सांगतो, वर सरक, खाली सरक. फळी नळीच्या नजरेत आली की तिच्या पायाशी खुंटी ठोकायची. वीस मीटर पुढं, एक मीटर वर.

फळी देवजीनं धरली. कमळू नळीतून बघायचा, संघरत्ना टेप धरायची आणि खुंटीवर आकडा लिहायची. पहिल्या दहा-बारा खुंट्यांना देवजी कुरकुरला, कारण फळी प्रत्येक वेळी त्याला वाटत होती त्यापेक्षा खाली यायची. "एवढाच चढ? हा तर चढच नाय." चाळिसाव्या खुंटीशी तो मागं वळून उभा राहिला. मोहवलीची घरं चाळीस मीटर खाली गेली होती. तो दमला नव्हता.

"कधी चढलो कळलं नाय," तो म्हणाला, आणि मग स्वतःच पुढं जाऊन फळी धरून उभा राहिला.

आखणीला चार दिवस लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐंशीवी खुंटी ठोकली. एकशेवीसवरून ऐंशी मीटर वर, म्हणजे ते दोनशेच्या रेघेवर उभे होते. आणि झाडीतून पुढं समोर, त्यांच्या डोक्यापेक्षा थोडं वर, काळा कातळ सुरू होत होता. त्यावरून पाण्याचे पांढरे ओघळ सुकलेले. लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. आखलेली रेघ तशीच चढत नेली असती तर ती बरोबर कातळाच्या पोटात शिरली असती.

कमळूनं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "सुरुंग लावावे लागतील. रोजगार हमीत नाय जमायचं."

संघरत्ना कातळाच्या पायथ्याशी गेली. तिथं एक मळलेली पायवाट होती, हातभर रुंद, शेणानं काळपट झालेली. तिनं वाकून बघितलं. वाट कातळाखालून आडवी गेली होती, जवळपास सपाट.

"ही म्हशींची वाट का, काका?"

"हांऽ. म्हस मूर्ख नसते."

"मग आपणही चढायचं नाही इथं," संघरत्ना म्हणाली. "कमळूकाका, वजन शून्यावर आणा. कातळ संपेपर्यंत सपाट जाऊ. दोनशेवरच राहू. पुढं कातळ संपला की परत एकास वीस धरू."

"लांबी वाढंल."

"अडीचशे मीटर वाढेल. आणि बैलांना नि गाडीला मधे दम घ्यायला जागा मिळेल."

कमळूनं वजन मधल्या खुणेवर आणलं. देवजी फळी घेऊन म्हशींच्या वाटेनं पुढं निघाला. यावेळी त्याला वर-खाली सरकायला फारसं सांगावं लागलं नाही. म्हशींनी किती पावसाळ्यांत मळवलेली ती वाट ट्रेसरच्या नजरेत जेमतेम एखाद हात इकडंतिकडं होत होती. कमळू नळीतून डोळा काढून पुटपुटला, "ह्या म्हशींना खात्यात घेतलं पाहिजे."

कातळ संपला, पुन्हा चढ सुरू झाला, आणि वीस खुंट्यांनंतर ते दोनशेवीसच्या सपाटीवर पोचले. ती नकाशावर होती तशीच होती, रुंद, गवताळ, मधे एक हिरड्याचं झाड. तिथं संघरत्ना दगडावर बसली आणि डबा उघडला. देवजीनं तिच्या डब्यातली सुकटीची चटणी मागून घेतली आणि आपली नाचणीची भाकरी तिला दिली.

"तुमच्या बाचं गाव कोणतं?" त्यानं विचारलं.

"सापगाव. धरणावर कामाला होते."

"मी बी होतो एक उन्हाळा," देवजी म्हणाला. "घमेली वाहायला. परत गेलो नाय." एवढंच बोलून तो भाकरी खात राहिला.

साहेबांनी नवं अंदाजपत्रक केलं. लांबी तीन हजार आठशे पन्नास मीटर. वरून विचारणा आली की आधी कळवलेले अकराशे मीटर एवढे कसे वाढले. साहेबांनी उत्तरासोबत संघरत्नाचे छेद जोडले, सरळ रेघेचा आणि नव्या वाटेचा, दोन्ही एकाच मापात, आणि प्रत्येक टप्प्याखाली चढाचा आकडा लिहून. उभं माप किती पट घेतलं आहे ते तिनं कोपऱ्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं. कागद दोनदा परत आला आणि तिसऱ्यांदा मंजूर झाला. छेदाखाली 'तयार करणार' असं लिहून तिनं सही केली. तोवर तिथं नेहमी फक्त 'अनुरेखन' असायचं. साहेबांनी ते वाचलं आणि खाली आपली सही ठोकली.

दोन उन्हाळे काम चाललं. टेपवाडीची आणि मोहवलीची माणसं मजुरीला होती, बाया निम्म्याहून जास्त. डोंगराच्या अंगाची माती कापायची आणि तीच दरीच्या अंगाला टाकून चोपायची. गुणाबाई पहिल्या दिवशी हजेरी लावायला आली तेव्हाही तिचं मत बदललं नव्हतं. "आमी काय इकडून चालणार नाय," ती संघरत्नाला म्हणाली आणि टोपली उचलली. शेवटपर्यंत तिनं टोपली सोडली नाही. दोन हजार सालच्या मे महिन्यात पहिली जीप हळूहळू वर आली. तिच्यात बसून कोठावदे साहेब आले, कारण पायवाटेनं चढायची त्यांची तयारी नव्हती.

संघरत्नाला त्या दिवशी जाता आलं नाही, श्वेताला ताप होता. त्यानंतर कामं येत राहिली, साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले. संघरत्ना सहायक आरेखक झाली. डोंगरातलं काही काम निघालं की आता ते आधी तिच्या टेबलावर यायचं. शीटवरून छेद काढून झाला की ती साहेबांना एकच गोष्ट सांगायची, "सहीच्या आधी तिथल्या एखाद्या गुराख्याला विचारून या." नव्या साहेबांना पहिल्यांदा ती गंमत वाटली. मग त्यांनाही सवय झाली.

टेपवाडीला ती परत गेली ती दोन हजार चार सालच्या डिसेंबरात, रस्त्याच्या दुरुस्तीचा अंदाज घ्यायला. मोहवलीच्या नाक्यावर एक टेम्पो उभा होता. चालवणारा मनोज, देवजीचा नातू. वाडीतली नाचणी-वरी गिरणीवर न्यायची आणि खालून सिमेंट, खत वर आणायचं, हा त्याचा धंदा होता. मागं पोती रचली होती. पोत्यांवर गुणाबाई बसली होती, पाय सोडून.

"मावशी, तुम्ही इकडून?" संघरत्नानं विचारलं.

"येताना," गुणाबाई म्हणाली. "उतरताना आमी आपलं पायवाटेनंच उतरतो. पाव तास." मग सरकून जागा करत म्हणाली, "बस. नाय, पुढं बस. तू मॅडम हायेस."

संघरत्ना पुढं मनोजशेजारी बसली. तिनं मांडीवर वही उघडली. चढ सुरू झाला तसं तिचं लक्ष रस्त्यापेक्षा मनोजच्या हाताकडे जास्त होतं.

"कुठल्या गेअरात चढतोस?"

"भरलेली असली तर सेकंड. रिकामी असली तर थर्डात पण खेचते." मनोज तोंडातली बडीशेप चावत म्हणाला. "कातळाखाली तर टॉपला जाते. तिथं मी टाइम भरून काढतो."

टेम्पो एका चालीत वर जात राहिला. ऐंशीव्या खुंटीची जागा आली, कातळ आला, चढ निघून गेला आणि इंजिनाचा आवाज हलका झाला. गुणाबाई मागून कुणाशी तरी बोलत होती, हेल काढून. कातळावर या वर्षीचंही पाणी वाळलं होतं. पुढं पुन्हा चढ, मग सपाटी, हिरड्याचं झाड, वळण. वळणावर मनोजनं गाडी एकदाही मागं न घेता एका फेरीत फिरवली. संघरत्ना वहीत काही न लिहिता हे सगळं बघत होती. खूप वर्षांपूर्वी आठ मिलिमीटरवर घट्ट केलेल्या कर्कटकाची पावलं तिच्या अंगाखालून जात होती, आणि प्रत्येक पाऊल बरोबर पडलं होतं.

वाडी तीनशे मीटर अंतरावर उरली असताना मनोजनं गाडी फर्स्टमध्ये टाकली. इंजिन घरघरलं.

"इथं का रे?"

"हितं नेहमीच. हितं गाडी रडते. पावसात माती वाहून गेली तेव्हा लोकांनी आपलं आपण भराव टाकला, तो वरच्या अंगाला उंच झाला."

"थांबव."

ती उतरली. पिशवीतून टेप आणि फूटभर लांब, बुडबुड्याची जुनी लेव्हलपट्टी काढली. मनोजला टेपचं टोक धरायला लावलं आणि त्या वीस मीटरांचा चढ मोजला. एक मीटरऐवजी एक मीटर सत्तर निघाला. साधारण एकास बारा. तिनं आकडा दोनदा तपासला.

"मॅडम, चालतं तेवढं," मनोज म्हणाला.

"नाही चालत," संघरत्ना म्हणाली. "आज सिमेंट आहे मागं. उद्या बाळंतीण असेल. वरचा भाग सत्तर सेंटिमीटर कापायला सांगते."

तिनं वहीत लिहिलं, जागा, अंतर, आहे तो चढ, हवा तो चढ. पोत्यांवरून गुणाबाईनं वाकून विचारलं, काय झालं, गाडी बिघडली का. मनोज म्हणाला, गाडी नाय, रस्ता. संघरत्नानं टेप गुंडाळला, साडीच्या निऱ्यांवरची माती झटकली आणि ती परत पुढच्या सीटवर बसली. मनोजनं फर्स्टमध्येच गाडी काढली आणि टेम्पो शेवटचा चढ चढून वाडीत शिरला. देवजी अंगणात पडवीला टेकून बसला होता. तिला पाहून तो उठला आणि घरात वळून त्यानं चहा टाकायला सांगितलं.